सहाय्यक क्रियापद कोणाचे ऐकते?

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल घ्या. एक उतारा सावकाश सांगतो, तो लिहून घ्या. त्यात काही चुका आहेत, त्या आपण शोधू.

‘सुमनने पत्रे वाचू लागली. त्यातली दोन तिने फाडून टाकली. वीज गेली, म्हणून तिला घरखर्चाचा हिशेब सकाळी करावी लागली. उरलेली पत्रे जपून ठेवली पाहिजे, असे तिला वाटले.’

आता संयुक्त क्रियापदांखाली रेघ मारा. ‘वाचू’, ‘फाडून’ ही धातुसाधिते. क्रियेचा मुख्य अर्थ त्यांच्यात असतो. ‘लागली’, ‘टाकली’ ही सहाय्यक क्रियापदे. दोन्ही मिळून एकच क्रिया सांगत असतील, तरच ते संयुक्त क्रियापद. ‘ती जेवून झोपली’ यात क्रिया दोन आहेत, तेव्हा ‘झोपली’ सहाय्यक नव्हे.

पहिले वाक्य बघा. वाचणे सकर्मक आहे, म्हणून हात आपोआप ‘सुमनने’ लिहून जातो. पण भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागणार की नाही, हे इथे सहाय्यक ठरवते. लागणे, शकणे, बसणे यांना ‘ने’ चालत नाही आणि ती कर्त्याप्रमाणे बदलतात. म्हणून ‘सुमन पत्रे वाचू लागली’. ही चूक नजरेतून निसटते, कारण ‘लागली’ हे रूप सुमनलाही जुळते आणि ‘पत्रे’ या नपुंसकलिंगी अनेकवचनालाही. अशा वेळी कर्ता बदलून पाहावा. सुमनच्या जागी रवी घाला: ‘रवी पत्रे वाचू लागला’. क्रियापद कर्त्यामागे गेले, म्हणजे ‘ने’ उपरा.

दुसरे वाक्य बरोबर आहे, तिथे खाडाखोड करू नका. टाकणे सकर्मक, म्हणून ‘तिने’ हवेच, आणि ‘टाकली’ पत्रांप्रमाणे चालले. एकच पत्र असते, तर ‘फाडून टाकले’. कर्माला ‘ला’ लागला, की मात्र सहाय्यक नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: ‘तिने मांजरीला हाकलून दिले’. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ दिसत नाही, तेव्हा तिथे क्रियापदाचे रूपच तपासावे लागते.

तिसऱ्या वाक्यात पुन्हा लागणेच आहे, पण वागणूक निराळी. ‘वाचू लागणे’ म्हणजे सुरुवात; ‘करावा लागणे’ म्हणजे भाग पडणे. भाग पडते तेव्हा कर्त्याला ‘ला’ येतो आणि धातुसाधित व सहाय्यक दोन्ही कर्माप्रमाणे बदलतात. इथे कर्म ‘हिशेब’, पुल्लिंगी. म्हणून ‘हिशेब करावा लागला’. लिहिणाऱ्याच्या मनात सुमन घोळत राहिली, म्हणून स्त्रीलिंग घुसले.

शेवटची चूक एका अक्षराची. पत्र ठेवले पाहिजे, पण पत्रे ठेवली पाहिजेत. बोलताना हा ‘त’ गिळला जातो; प्रमाण लेखनात तो हवा.