तारीख कोणत्या दिवसाशी ताडायची?

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकजण कुठल्या ना कुठल्या संस्थेत गाड्यांची कागदपत्रं हाताळता. भाड्याने लावलेल्या बस, सहलीच्या टेम्पो ट्रॅव्हलर, कर्मचाऱ्यांच्या दुचाकींचे पास. मीही महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षं हेच काम केलं. आज मुख्यतः विम्याबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या हातून चूक झाली ती तिथेच. पीयूसी आणि फिटनेसबद्दल थोडक्यात सांगेन.

चूक आधी सांगते. आमच्याकडच्या एका शिपायाने नव्या दुचाकीच्या पाससाठी पॉलिसीची झेरॉक्स दिली. त्यावर एक मुदत दिसली, ती महिन्यापूर्वी संपलेली. मी ‘विमा संपलेला’ असा शेरा मारून कागद परत केला. त्या बिचाऱ्याने पदरचे पैसे घालून नवी थर्ड पार्टी पॉलिसी काढली आणि घेऊन आला. ती पाहताना मी जुनी पुन्हा नीट वाचली. त्याच पानावर, खालच्या चौकटीत दुसरी मुदत होती आणि ती संपायला अजून जवळजवळ चार वर्षं बाकी होती. त्याला तो खर्च करायची काहीच गरज नव्हती, ते पैसे माझ्या घाईमुळे गेले. मला आजही ते लागतं.

असं का झालं? १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या खासगी कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला एजंट ‘ओडी’ म्हणतात, तो मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. म्हणून एका कागदावर दोन मुदती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने सक्ती केली आहे ती थर्ड पार्टीची. ओडी संपला म्हणून गाडी बेकायदा होत नाही. तुमच्या संस्थेला ओडीही चालू हवा असेल तर तशी अट आधी लेखी सांगा. ती अट नसताना त्या तारखेवरून कागद परत करू नका.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. पहिलं वर्ष संपल्यावर मालक दुसऱ्या कंपनीकडून फक्त ओडीची पॉलिसी घेतो. तुमच्या टेबलावर ती आली, तारीख ताजी, शिक्का झकास, तर आपण सहज पास करतो. पण तिच्यात थर्ड पार्टीचं कवच नसतंच. ते जुन्या लांब मुदतीच्या पॉलिसीत असतं. दोन्ही कागद एकत्र मागा. फक्त ओडीची पॉलिसी आली, तर तारीख कितीही लांबची असो, परत करायची. हे सगळं खासगी गाड्यांचं. पिवळ्या पाटीच्या गाडीची पॉलिसी साधारण वर्षाची असते, तिथे ही गुंतागुंत नसते.

आता भाड्याच्या गाडीचं उदाहरण घेऊ. सहल २६ ते २८ डिसेंबर. टेम्पो ट्रॅव्हलर नऊ वर्षं जुनी. मालकाने १० डिसेंबरला कागद आणून दिले. विमा २७ डिसेंबरपर्यंत, पीयूसी १३ जानेवारीपर्यंत, फिटनेस ३१ मार्चपर्यंत. १० तारखेला टेबलावर बसून पाहिलं तर तिन्ही चालू, आणि तिन्हीवर ‘वैध’ लिहिणारा माणूस खोटं लिहीत नाही. पण आपल्याला गाडी १० तारखेला चालवायची नाही. पॉलिसीवर शेवटची तारीख लिहिलेली असते तिच्या मध्यरात्रीपर्यंत ती चालते. म्हणजे २८ च्या परतीच्या रस्त्यावर, मुलं झोपलेली असताना, ती गाडी विमा नसलेली. तारीख ताडायची ती वापराच्या शेवटच्या दिवसाशी, टेबलावरच्या कॅलेंडरशी नाही.

अशा वेळी सगळा गठ्ठा परत देऊ नका. फक्त विमा परत, पीयूसी आणि फिटनेस ठेवून घ्यायचे. मालक म्हणतो, ‘ताई, २८ ला सकाळी करून घेतो.’ नाही म्हणायचं. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करता येतं, आणि नवी पॉलिसी २७ ची रात्र बाराला संपून २८ लागते तेव्हापासून सुरू होईल अशी घेता येते. त्याला नेमकं तेवढंच सांगायचं. मग जुनी आणि नवी दोन्ही पॉलिसी घेऊन जोडायच्या, आणि मध्ये एक मिनिटही फट नाही हे दोन्हींवरच्या वेळा वाचून पाहायचं. पैसे भरल्याची पावती किंवा एजंटचा फोन म्हणजे पॉलिसी नव्हे.

पॉलिसीवर गाडीचा नंबर असतोच असं नाही. नवी गाडी असेल तर नंबराच्या जागी ‘न्यू’ छापलेलं असतं. म्हणून आरसीवरचा चॅसी क्रमांक पॉलिसीवरच्या क्रमांकाशी जुळवा. मी शेवटचे पाच आकडे बोट ठेवून वाचायची. एका मालकाच्या दोन सारख्या गाड्या असल्या की कागदांची अदलाबदल होतेच, आणि ती मुद्दाम केलेली असतेच असंही नाही.

पीयूसीचं सोपं आहे. नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं वर्ष ती लागत नाही, इलेक्ट्रिक गाडीला कधीच लागत नाही. म्हणून ‘पीयूसी जोडलेली नाही’ असं लिहिण्याआधी नोंदणीची तारीख आणि इंधन पाहा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची मुदत वर्षाची, त्याहून जुन्यांची सहा महिन्यांची. शंका आली तर सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर तपासता येते.

फिटनेसला आपल्याकडे सगळे ‘पासिंग’ म्हणतात. खासगी कारचं वेगळं प्रमाणपत्र मागू नका. तिची पासिंगची तारीख आरसीवरच असते, नोंदणीच्या पंधरा वर्षांपर्यंतची. भाड्याच्या गाडीला मात्र फॉर्म ३८ चं प्रमाणपत्र हवं. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांचं, त्यापुढे दरवर्षी. आपल्या नऊ वर्षांच्या ट्रॅव्हलरला दोन वर्षांचं फिटनेस दिसलं असतं, तर ते जुनं आहे की दुसऱ्या गाडीचं आहे हे विचारायला हवं होतं. फी भरल्याची पावती किंवा तपासणीची वेळ घेतल्याचा कागद दाखवून ‘पासिंग चालू आहे’ म्हणणारे खूप भेटतील. तो कागद परत करा. कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसलेल्या भाड्याच्या गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. म्हणजे तेवढ्या दिवसांसाठी ती गाडी कायद्याच्या लेखी रस्त्यावर यायलाच पात्र नाही.

परत करण्याच्या चिठ्ठीबद्दल शेवटचं. ‘अपूर्ण’, ‘त्रुटी’ असे शेरे मारले की मालक दोन फेऱ्या जास्त मारतो. मी असं लिहीत असे: ‘विमा, मुदत २७/१२ मध्यरात्रीपर्यंत. सहल २८/१२ पर्यंत. २८/१२ च्या ००:०० पासून सुरू होणारी पॉलिसी जोडा. पीयूसी व फिटनेस ठेवून घेतले.’ खाली तारीख, सही, आणि त्याच चिठ्ठीच्या प्रतीवर मालकाची पोच. परत दिलेल्या पॉलिसीची झेरॉक्स आपल्या फाइलला ठेवायची, कारण जावक नोंदवहीत फक्त ‘परत’ एवढंच असलं तर सहा महिन्यांनी आपल्यालाही आठवत नाही की आपण कोणती तारीख वाचली होती. आमच्या ट्रॅव्हलरच्या मालकाने १९ तारखेला नवी पॉलिसी आणली. तिची सुरुवात २८ च्या ००:०० ला होती. ती जुन्या पॉलिसीच्या मागे टाचून फाइल बंद केली.