640 रुपयांचं नाही, बारा सौद्यांचं गणित

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय शेअर बाजाराचा आहे, पण कुठला शेअर घ्यावा हे मी सांगणार नाही. तसं सांगणारे तुमच्या मोबाईलवर रोज सकाळी नऊच्या आत हजर होतात. मी चोवीस वर्षं एका शेअर दलालाच्या ऑफिसात बिलं काढली. लोक भाव बघायचे आणि मी भावाच्या खाली लिहिलेल्या बारीक अक्षरातल्या ओळी बघायचो. आज बोलायचंय ते त्या ओळींबद्दल. खातं लहान असेल, म्हणजे पन्नास हजार, लाखभर, तर दर दोन-चार दिवसांनी घेणं-विकणं परवडतं, की घेऊन ठेवणं परवडतं?

माझा भाचा मिरजेला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. मागच्या वर्षी त्याला भिशी लागली, 50,000 रुपये. त्यानं ते शेअर दलालाकडच्या खात्यात टाकले. पद्धत साधी ठेवली होती. एका वेळी 10,000 रुपयांचा एकच शेअर घ्यायचा, दोन-तीन दिवस ठेवायचा, टक्का-दीड टक्का सुटला की विकायचा. रोजच्या रोज मिटवायचं काम नाही, सगळी डिलिव्हरी, म्हणजे शेअर आधी आपल्या नावावर जमा करून घ्यायचे आणि मग विकायचे. दिवाळीत मी बहिणीकडे गेलो, तर हा फराळाचं ताट बाजूला सारून फोन घेऊन बसलेला.

“मामा, दलालानं पैसे खाल्ले बघा.”

म्हटलं, दाखव. ॲपवर महिन्याचा नफा हिरव्या अक्षरात, 640 रुपये. महिन्यात बारा वेळा घेतलं आणि बारा वेळा विकलं. सात वेळा फायदा, पाच वेळा तोटा, मिळून 640 वर. आता हातात एकही शेअर नाही, सगळं विकलेलं. म्हणजे खात्यात 50,640 पाहिजेत, बरोबर? खात्यात होते 49,594. नफा 640 चा आणि मुद्दलातच चारशे कमी. पोरगा चिडणार नाही तर काय.

मी म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट नोटा काढ, म्हणजे दलालाकडून येणारी सौद्यांची बिलं. त्या रोज संध्याकाळी ईमेलवर येतात, आणि त्यानं एकही उघडली नव्हती. पासवर्ड पॅन नंबर असतो, एवढंही त्याला माहीत नव्हतं. आमच्या आई दुधाचा हिशेब दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवायच्या, अर्धा लिटर इकडचा तिकडे होत नसे. हल्लीच्या पोरांना पाच सेकंदांत शेअर घेता येतो, पण बिल उघडायला वेळ नाही. असो.

आम्ही एकच सौदा घेतला आणि कागदावर मांडला. 10,000 ला घेतलेला शेअर 10,100 ला विकला. वरकरणी 100 रुपये सुटले. आता घेतानाचा खर्च ऐका. त्याच्या दलालाची दलाली प्रत्येक ऑर्डरला 20 रुपये. सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, ज्याला सगळे एसटीटी म्हणतात, तो डिलिव्हरीत दहा हजाराला 10 रुपये. स्टॅम्प ड्युटी दीड रुपया. एक्सचेंजचा आकार काही पैसे. आणि दलालीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन रुपयांच्या वर. झाले साधारण 35 रुपये. विकताना पुन्हा 20 रुपये दलाली, पुन्हा 10 रुपये एसटीटी, पुन्हा जीएसटी. स्टॅम्प ड्युटी विकताना नसते. ते झाले 34. दोन्ही मिळून 69 रुपये आणि काही पैसे.

बारा सौद्यांचे 834. पोरानं कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. खड्डा मात्र 1,046 रुपयांचा होता. म्हणजे अजून 212 रुपये कुठे गेले, त्याचा पत्ता नाही. बहिणीनं दुसऱ्यांदा चहा ठेवला. भाच्याचं म्हणणं, हेच ते, हेच खाल्ले.

मला उत्तर माहीत होतं, पण त्याला शोधू दिलं. मी एवढंच म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट नोटेत नसेल तर लेजर बघ. लेजर म्हणजे दलालाकडचं आपलं खातेपुस्तक. त्यात ओळ सापडली: डीपी चार्जेस, 17 रुपये 70 पैसे. खाली पुन्हा तेच, आणि पुन्हा. मोजली तर बारा ओळी. बारा गुणिले 17.70, दोनशे बारा रुपये आणि वर चाळीस पैसे.

डीपी चार्ज म्हणजे डिमॅट खात्यातून, आपले शेअर जिथे जमा असतात त्या खात्यातून, शेअर बाहेर पडताना लागणारा आकार. दलालागणिक तो थोडा कमी-जास्त असतो, पण बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी: तो रकमेवर नसतो. एका कंपनीचे शेअर एका दिवशी विकले की एकदा लागतो, मग एक शेअर विका नाहीतर हजार. आज अर्धे आणि उद्या अर्धे विकले, तर दोनदा. आणि तो कॉन्ट्रॅक्ट नोटेत दिसत नाही, लेजरमध्ये दिसतो.

तर पुन्हा सांगतो. 69 अधिक 17 रुपये 70 पैसे, म्हणजे एका सौद्याला सुमारे 87 रुपये. शंभर रुपये सुटले, त्यातले 87 खर्चात गेले. दलालानं काही खाल्लं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं.

“म्हणजे तेरा रुपये राहिले की,” भाचा म्हणाला.

तेराही नाहीत. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरवरच्या नफ्याला, अल्पकालीन भांडवली नफ्याला, 20 टक्के कर आहे. जुलै 2024 च्या आधी तो 15 होता. त्यावर 4 टक्के सेस. हा कर मोजताना दलाली, डीपी वगैरे नफ्यातून वजा करता येतात, पण एसटीटी वजा करता येत नाही. म्हणजे हातात तेरा रुपये असले, तरी कर 33 रुपयांवर. गेले आणखी सात. शंभरातले सहा उरले.

त्यावर भाचा म्हणाला, मामा, माझं उत्पन्न सहा लाख, मला करच नाही, बारा लाखांपर्यंत माफ आहे. श्रोतेहो, इथे पुष्कळ जण फसतात. नव्या कररचनेतली ती सूट पगाराला आहे, शेअरच्या अल्पकालीन नफ्याला नाही. पगारावर कर शून्य आणि या नफ्यावर 20 टक्के, असं एकाच माणसाच्या बाबतीत होतं. बाकीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्याही खाली असेल, तर उरलेली मर्यादा वापरता येते. ते गृहिणींना, निवृत्तांना लागू पडेल, याला नाही.

एसटीटीबद्दल माझं एक गाऱ्हाणं आहे. 2004 मध्ये तो आला, तेव्हा त्याच्या बदल्यात दीर्घकालीन नफा करमुक्त केला होता. 2018 मध्ये त्या नफ्यावर कर परत आला, एसटीटी मात्र जागेवरच राहिला. तोटा झाला तरी तो द्यावा लागतो. गंमत म्हणून आलेल्या पाहुण्यानं खोलीच बळकावावी, तसं.

आता त्याच 50,000 चं दुसरं चित्र. पाच शेअर, प्रत्येकी दहा हजारांचे, घेतले आणि वर्षाहून थोडं जास्त ठेवले. समजा 12 टक्के वाढले, 6,000 रुपये. घेण्या-विकण्याचा खर्च तोच, पण पाचच वेळा: साडेचारशेच्या आत. आणि कर? बारा महिन्यांनंतरचा नफा दीर्घकालीन. त्यावर दर साडेबारा टक्के आहे, पण वर्षाला पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर काहीच नाही. पन्नास हजारांच्या खात्यात एका वर्षात सव्वा लाखाचा नफा कोण कमावतो? म्हणजे लहान खात्याला हा कर जवळजवळ लागतच नाही. हातात पडले साडेपाच हजार.

तेवढेच साडेपाच हजार भाच्याच्या पद्धतीनं हातात पडायचे असतील, तर? महिन्याला बारा, वर्षाला 144 सौदे. खर्चच साडेबारा हजार. म्हणजे मुद्दलाचा पाव भाग फक्त शून्यावर यायला. त्यावर कर धरला, तर बाजारातून वर्षाला वीस हजारांच्या वर नफा काढावा लागतो. पन्नास हजारांवर वीस हजार. चाळीस टक्के. पुन्हा सांगतो, ठेवणाऱ्याला बारा टक्के पुरतात आणि फिरवणाऱ्याला चाळीस लागतात, दोघांच्या हातात सारखेच पैसे पडायला.

यात एक बाजू सांगायलाच हवी. काही दलाल डिलिव्हरीला दलाली घेत नाहीत. तिथे हाच सौदा 87 ऐवजी 40 रुपयांत होतो. तरीही शंभरातले चाळीस. आणि रक्कम मोठी असली की वीस रुपयांची दलाली आणि डीपी चार्ज किरकोळ होतात. लाखाच्या सौद्याला टक्केवारीनं खर्च एक तृतीयांशावर येतो. मुंबईच्या कार्यालयातून मोठ्या रकमा फिरवणाऱ्याचं गणित मिरजेच्या पोराला लागू होत नाही, ते यामुळे. शिवाय ठेवलेला शेअरच पडला, तर खर्च वाचून काही उपयोग नाही, हेही तितकंच खरं.

आणि इंट्राडे, म्हणजे ज्या दिवशी घेतला त्याच दिवशी विकायचा? तिथे एसटीटी कमी, फक्त विकताना, आणि डीपी चार्ज नाही. सौदा स्वस्त पडतो, म्हणून माणूस दिवसाला चार करतो. तो नफा सट्ट्याचा व्यवसाय धरला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षं पुढे नेता येतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2022-23 चा अभ्यास केला, तेव्हा इंट्राडे करणाऱ्या दहातल्या सात जणांना तोटा झालेला आढळला. वर्षाला 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत दहातल्या आठ जणांना.

भाच्यानं त्यानंतर पाच शेअर घेतले आणि ठेवले. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. त्याच्या बहिणीच्या लग्नाला हातभार म्हणून एक विकला होता, 1,900 रुपये सुटले, खूश होता. मी विचारलं, कधी घेतला होतास? त्यानं कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून तारीख वाचली. अकरा महिने, वीस दिवस.

थोडा वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाला, “मामा, हॉलवाल्याला अजून दहा-अकरा दिवस थांब म्हणायला पाहिजे होतं.” पावणेचारशे रुपये कर बसला त्याला.

नमस्कार.