पिवळ्या प्लेटची सेकंडहँड गाडी

(दृश्य: तुर्भ्याचं जुन्या गाड्यांचं यार्ड, सकाळ, धुळीवर पाणी मारतायत)

या रांगेत साधारण चाळीस गाड्या उभ्यायत. घणसोलीचे हे दादा गेली सहा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवतायत, आता स्वतःची घ्यायचीय, टॅक्सीच्या अॅपवर लावायला. त्यांच्यासमोर दोन डिझायर आहेत. पहिली 2019 ची, पांढरी प्लेट, बाहेरून सीएनजी किट टाकलेलं, शेठ सव्वाचार लाख म्हणतायत. दुसरी मार्च 2021 ची टूर एस, पिवळी प्लेट, कंपनीचं सीएनजी, एक लाख नव्वद हजार किलोमीटर पळालेली आणि तरी भाव चार लाख साठ हजार. साहजिक कुणाचाही हात आधी पांढरीच्या दाराला जातो, दादांचा पण गेला.

आता मिस्त्री काय करतायत बघा. बोनेट उघडलंच नाही त्यांनी, सरळ मागच्या डाव्या दाराशी गेले. आतली कडी बघा जरा जवळून, पॉलिश पार उडालंय, आणि त्याच बाजूची सीट मधोमध खोल बसलीय. उजवं मागचं दार मात्र नव्यासारखं. पॅसेंजर कायम डावीकडून चढतो ना, म्हणजे ही 'घरगुती वापरलेली, सिंगल ओनर' गाडी भाड्यावर फिरलेली आहे. मीटरवर बावन्न हजार दिसतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय. मिस्त्री म्हणाले, "दादा, मीटर खोटं बोलतं, पेडल नाही." शेठ हसले फक्त.

बरं, समजा गाडी खरंच घरगुती असती, तरी ती तशीच अॅपवर लावता येत नाही. आरसीवर गाडीचा वर्ग लिहिलेला असतो. पांढरीच्या आरसीवर Motor Car(LMV) आहे, भाड्याच्या गाडीला Motor Cab(LPV) लागतं. हे बदलायचं म्हणजे आधी गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी, मग आरटीओत वर्ग बदलण्याचा अर्ज, टॅक्सचा फरक, फिटनेस, टी परमिट म्हणजे टूरिस्ट परमिट, कमर्शियल विमा, आणि शेवटी पिवळी प्लेट. वर या गाडीचं किट बाहेरून टाकलेलं आणि आरसीवर इंधन नुसतं पेट्रोलच लिहिलंय, म्हणजे आधी त्या किटची नोंद करा, ती नसेल तर फिटनेसलाच गाडी अडते. शेठनी पस्तीस-चाळीस हजार स्वस्त दिली असं वाटतं, ते यातच जातात आणि वर गाडी दारात उभी राहते ते दिवस वेगळे. आरटीओच्या आतलं काही आम्ही शूट केलेलं नाही, गेटबाहेरचे टायपिंगवाले तेवढे आहेत, हे बघा, छत्रीखाली.

पांढऱ्या प्लेटवर भाडं मारताना पकडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड, शिवाय कैदेची पण तरतूद आहे, आणि अपघात झाला तर खाजगी विम्यात भाड्याचा वापर बसतच नाही. असो.

(दृश्य: टूर एसची डिकी उघडते)

आता ही पिवळी. डिकीत हा सीएनजीचा सिलिंडर, आणि त्याच्या गळ्याजवळची ही पट्टी, हिच्यावर टेस्टची तारीख असते. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट लागते. 2021 च्या गाडीवर 2024 ची टेस्ट दिसायला हवी, इथे आहे, छान. मिस्त्रींनी साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर मारलं, फेस फुगला नाही. ज्या सेकंडहँड सीएनजी गाडीत डिकी उघडल्या उघडल्या गॅसचा वास येतो तिथे पुढची बोलणीच करू नका, शेठ कितीही 'नवीन वॉशर टाकून देतो' म्हणू दे.

ट्रायलला दादा स्टिअरिंगवर बसणारच होते, मिस्त्रींनी त्यांना मागे बसवलं, डावीकडे. आणि हे मला फार पटलं, कारण रेटिंग देणारा माणूस तिथेच बसतो. घणसोली ते ऐरोली स्पीडब्रेकर काय कमी आहेत? तिसऱ्या ब्रेकरला मागच्या शॉकरचा खटखट आवाज आला, बुश गेलेत. मग दुपारी एक वाजता गाडी उन्हात उभी करून एसी लावला, इंजिन चालू, गाडी जागेवर. चालत्या गाडीत कुठलाही एसी गार लागतो, घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये उभी असताना कसा चालतो ते महत्त्वाचं, आणि या गाडीत मागे वेगळे एसीचे व्हेंट नाहीत, म्हणजे पुढून जे येईल तेच मागे पोचणार. दहा मिनिटांत थंड झालं. सीट बसलेलीच आहे, फोम बदलावा लागेल. बुश, फोम आणि दोन टायर दाखवून दादांनी वीस हजार खाली आणले. चार लाख चाळीसला ठरलं.

आता रोजचा हिशोब, दादांच्याच वहीतला. दिवसाला 150 किलोमीटर फिरणं, त्यात पैशाचे 110, बाकी चाळीस रिकामे, पुढचं भाडं उचलायला जाण्यात. शहरात किलोला वीसचं अॅव्हरेज धरलं तर साडेसात किलो गॅस, किलोला ऐंशी रुपये धरले तरी सहाशे रुपये. दीडशेनं भागलं तर किलोमीटरला चार रुपये येतात, पण तो हिशोब चुकीचा, पैसे 110 चेच मिळतात, म्हणून खरा खर्च साडेपाचच्या जवळ. वहीत तो आकडा लाल पेनानं गोल केलाय, दिसेल बघा. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर 3900 किलोमीटर, म्हणजे दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल अडीच महिन्यात. क्लच प्लेट, टायर, विमा, हप्ता यात अजून धरलेलंच नाहीये.

आणि कागद. पिवळी प्लेट गाडीबरोबर आली म्हणून परमिट येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. परमिट गाडीच्या मालकाच्या नावावर असतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 82 प्रमाणे ते दुसऱ्याच्या नावावर करायला प्राधिकरणाची परवानगी लागते. फॉर्म 29, 30 भरून मालकी बदलायची, विक्रेत्यानं चौदा दिवसांत कळवायचं, दादांनी तीस दिवसांत, बँकेचं लोन फिटलेलं असेल तर फॉर्म 35. सरकारच्या वाहन पोर्टलवर आदल्या रात्री नंबर टाकून टॅक्स, फिटनेस, परमिट, चलान सगळं बघून घेतलं होतं, दोन चलान निघाले, ते शेठकडूनच भरून घेतले. फिटनेस मार्च 2027 पर्यंत आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, म्हणजे या गाडीला 2029 नंतर दरवर्षी फेरा. पांढरीची आठ वर्षं 2027 लाच भरतात, तिच्यामागे दरवर्षीचं लवकर लागलं असतं. कंपनीतून आलेला 80 चा स्पीड लिमिटर कुणी काढलाय का ते पण मिस्त्रींनी बघितलं, पाम बीचवर गाडी ऐंशीला अडकली, दादा खूश.

(दृश्य: नवी मुंबई विमानतळाचा रस्ता, संध्याकाळ)

नावावर व्हायला, परमिट यायला, अॅपवर कागद चढायला किती दिवस गेले ते आम्ही नाही चित्रित केलं. हे पहिलं भाडं. विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला तेव्हापासून इकडच्या गाड्यांना बॅगवाले पॅसेंजर वाढलेत. दोन मोठ्या सुटकेस आल्या, डिकीत सिलिंडर, एकच बसली. दुसरी दादांनी पुढच्या सीटवर उभी केली आणि तिला सीटबेल्ट लावला.