शिरोड्याचं मीठ, मे 1930

[दृश्य: शिरोड्याची मिठागरं. बांधावरून आजोबा आणि सातवीतला नातू चालत येतात.]

निवेदन:
दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं ते 6 एप्रिल 1930 ला. नातवाच्या पुस्तकात तो धडा आहे. पण तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावातही 12 मेपासून मिठाचा सत्याग्रह झाला होता. आजोबांचे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. आजोबा सांगतात ते त्यांच्याकडून ऐकलेलं.

नातू: आजोबा, मीठ समुद्राचा ना? मगे सरकाराचो कर कित्याक?

आजोबा: मीठ समुद्राचा, पण मिठागरार पहारो सरकाराचो.

निवेदन:
कर होता मणाला सव्वा रुपया. मणाचे चाळीस शेर, म्हणजे शेराला अर्धा आणा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण मे महिन्यात कोकणातल्या घरात काय चाललेलं असतं ते आठवा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, म्हणून त्याआधी मासळी खारवून ठेवायची. तीन शेर मासळीला साधारण एक शेर मीठ लागतं. बारा शेर बांगडा खारवायचा तर चार शेर मीठ, आणि त्यावर दोन आणे नुसता कर. आमटीतल्या चिमटीचा हिशेब वेगळा आणि बेगमीचा वेगळा. शहरातल्या भाषणांत हा दुसरा हिशेब फारसा येत नाही; इथल्या बायकांना मात्र तो तोंडपाठ होता.

नातू: मगे घराकच करूचा होता! पाणी तर फुकट.

आजोबा: केल्यानी मरे. माझ्या आजयेन कढयेत खारा पाणी आटवल्यान. मीठ झाला, पण कडू.

[दृश्य: वाफ्यातल्या पाण्यावर मिठाची साय धरते आहे. कॅमेरा अगदी जवळ.]

निवेदन:
कडू का, ते या वाफ्यांपाशी उभं राहिलं की कळतं. भरतीचं पाणी आधी मोठ्या कप्प्यात घेतात. तिथून ते उथळ वाफ्यांत फिरवत उन्हानं दाट करतात. खायचं मीठ आधी खाली बसतं. मॅग्नेशियमचे कडू क्षार मात्र उरलेल्या पाण्यात राहतात. ते पाणी सोडून द्यायचं आणि तळाचं मीठ ओढून बांधावर ढीग घालायचा, हीच खरी कारागिरी. कढईत सगळं एकदमच सुकवलं की कडू क्षारही मिठातच उतरतात. असं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं राहतं. त्यात मासळी धड सुकत नाही.

म्हणून कढईतलं मीठ कायदा मोडायला पुरेसं होतं, पण बेगमीला नाही. चांगलं मीठ होतं ते मिठागरात, सरकारच्या पहाऱ्यात. सत्याग्रही शिरले ते तिथेच. बाहेरगावांहून स्वयंसेवक आले होते. त्यांनी वाफ्यांत उतरून मुठी भरल्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अटका केल्या.

नातू: तुमचो बापूस थंय होतो?

आजोबा: बांधार. आवशीन बजावल्यान होता, खाली उतरू नको म्हणान. पण एका स्वयंसेवकाच्या हातातला मीठ चिखलात पडला, ता तेणी उचलल्यान. घराक येवन धुतल्यान, तर अर्धा विरघळान गेला.

निवेदन:
वि. स. खांडेकर तेव्हा याच गावातल्या शाळेत शिकवत होते. म्हणजे गाव लहान असलं तरी शिक्षणाचा वारा लागलेलं होतं. पण मला या गोष्टीत सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पंचांग. मिठाचा हंगाम पावसाबरोबर संपतो. 12 मेला सुरू झालेल्या या लढ्याच्या हातात जेमतेम काही आठवडे होते. पाऊस पडला की वाफे गोड्या पाण्यानं भरतात, आणि जिथे मीठच नाही तिथे मिठाचा कायदा मोडणार कसा?

नातू: मगे संपला?

निवेदन:
नाही. पावसाळ्यात महाराष्ट्रातली चळवळ रानाकडे वळली. राखीव जंगलात गवत आणि लाकूड तोडून जंगलाचा कायदा मोडायला सुरुवात झाली. याच किनाऱ्यावर, पण पार उत्तरेला उरणजवळ चिरनेरला 25 सप्टेंबरला त्यातून गोळीबार झाला आणि गावकरी मारले गेले.

पुढच्या वर्षी, 5 मार्च 1931 ला, गांधी-आयर्विन करार झाला. मीठ जिथे तयार होतं त्या भागातल्या गावांना घरच्या वापरापुरतं मीठ गोळा करायची, बनवायची आणि आपापल्या गावातच विकायची मुभा मिळाली. गावाबाहेरच्यांना विकायला मात्र बंदी कायम होती.

नातू: म्हणजे कर गेलो नाय?

आजोबा: खंय जातलो! तो गेलो सत्तेचाळीसच्या एप्रिलात. स्वातंत्र्याच्या चार म्हयने आधी. तवसर माझो बापूस एकोणतीस वर्सांचो झालो होतो, आणि बेगमीचा मीठ तोच आणी.