तो पहिला घोट आवडीचा नव्हे

नमस्कार. टेबलावर वाईनची बाटली दाखवण्यापासून ग्लास भरेपर्यंत सगळं तुम्हा वेटरांना सांगायचं मी कबूल केलंय, पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. बाटली उघडल्यावर आपण ती मागवणाऱ्या यजमानाच्या ग्लासात थोडीशी, साधारण 30 मिली, वाईन ओततो आणि हसून विचारतो, "सर, आवडली का?" इथेच घोळ होतो. आवडनिवड मेनू बघताना झालेली असते. तो घोट बाटली खराब आहे का हे तपासण्यासाठी असतो. आवडीचं विचारलंत तर माणूस आवडीचंच उत्तर देणार, आणि चांगली बाटली परत यायची. म्हणून काही विचारू नका. ओता, अर्धं पाऊल मागे सरका आणि थांबा. थांबणं जमत नाही आपल्याला, ठाऊक आहे मला.

आता समजा, चौघांचं टेबल आहे, रेड वाईन आहे, बूच कॉर्कचं आहे. यजमान वास घेतो आणि कपाळाला आठ्या घालतो. "कसला तरी वास येतोय." तुम्ही वाद घालायचा नाही आणि लगेच माफीही मागायची नाही. "मी बघतो सर" एवढंच म्हणा, ग्लास आणि बाटली उचलून साइडबोर्डवर न्या.

तिथे पहिला संशय ग्लासवर घ्या. हसू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ओलसर फडक्यानं पुसलेला किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात उपडा ठेवलेला ग्लास कुबट वास धरतो. दुसरा ग्लास घ्या, रिकामा असतानाच हुंगा, मग त्यात थोडी वाईन ओता. वास गेला तर दोष ग्लासचा. स्वच्छ ग्लासात पुन्हा द्या. तोच वास राहिला तर दोष बाटलीचा.

पण कुठला दोष? पावसाळाभर बंद कपाटात पडलेल्या वर्तमानपत्राच्या रद्दीचा वास आठवा. तसा वास आणि फळाचा गंध मेलेला, म्हणजे बुचाचा दोष. तो टीसीए नावाच्या संयुगामुळे येतो. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. पिणाऱ्याला त्यानं अपाय होत नाही, वाईन मात्र वाया जाते. दोन मिनिटं ग्लास फिरवत राहिलात तरी तो वास हटत नाही, उलट जास्त जाणवतो. याउलट काडेपेटीसारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास असेल तर घाई करू नका. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत तो कधीकधी येतो आणि हवा लागली की बहुतेक वेळा विरतो. ग्लासात बुचाचा चुरा तरंगतोय किंवा तळाशी काचेसारखे खडे दिसताहेत, हा दोषच नव्हे. खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात.

दोष पक्का झाला की तीच वाईन नव्या बाटलीतून, पुन्हा लेबल दाखवून, नव्या ग्लासात, पुन्हा 30 मिली. खराब बाटली मोरीत ओतू नका. बूच परत लावून उरलेल्या वाइनसकट मॅनेजरकडे द्या; पुरवठादाराकडे भरपाई मागायला ती लागते. आणि दोष नाहीच, नुसती आवडली नाही असं असेल, तर निर्णय मॅनेजरचा. तुम्ही टेबलावर निवाडा करू नका.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कबूल केलेलं आता धावत सांगतो. बाटली यजमानाच्या उजवीकडून, लेबल त्याच्याकडे करून दाखवा. नाव आणि साल बोलून दाखवा. साल चुकलेलं इथंच सापडतं. फॉइल बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेखाली कापा. बूच वर सरकलेलं आणि खाली चिकट ओघळ दिसला, तर बाटली उन्हात तापलेली असण्याची शक्यता आहे. चव घेताना जास्त लक्ष ठेवा. स्क्रू बुचाच्या बरोबर मध्ये लावून सरळ फिरवा, शेवटचा वेढा बाहेर राहू द्या. पार आत गेला तर चुरा वाईनमध्ये पडतो. शेवटचा भाग हातानं, आवाज न करता काढा आणि बाटलीचं तोंड पुसून घ्या.

यजमानानं मान डोलावली की आधी बायका, मग पुरुष, यजमान सर्वांत शेवटी. एका बाटलीतून 150 मिलीचे पाच ग्लास होतात, पण पहिल्या फेरीत कमीच ओता, नाहीतर यजमानालाच कमी पडेल. ओतून झालं की बाटली किंचित फिरवून उचला, थेंब टेबलक्लॉथवर पडत नाही.

आणि रेड वाईन 'रूम टेम्परेचर'ला देतात, हे गोव्यात विसरा. आपली खोली 30 अंशांची, वाईनला हवेत 16 ते 18. बर्फ आणि पाणी एकत्र घातलेल्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा. नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून लागत नाही, म्हणून पाणी हवंच. स्पार्कलिंग राहिली? तारेची जाळी सोडल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही, बूच धरून बाटली फिरवायची. आणि तोंड कुणाकडेही, माझ्याकडेसुद्धा, नाही.