मुलाखतीला उशीर होतोय, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात नोकरीच्या मुलाखतीला येणारी निम्मी मुलं शहराबाहेरची असतात. कुणी बार्शीहून एसटीनं, कुणी अक्कलकोटहून वडापनं, कुणी कुर्डुवाडीहून रेल्वेनं येतं. टॉवेलच्या कारखान्यात नोकरभरतीचं काम करताना मी टेबलाच्या पलीकडं बसून अशा मुलांची वाट पाहिली आहे. त्यामुळं वाट पाहणाऱ्याच्या मनात काय चालतं, ते आज सांगतो.

एक उदाहरण धरू. बार्शीची एक मुलगी आहे, बी.एस्सी. झालेली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागातल्या जागेसाठी तिला सकाळी अकराला बोलावलंय. ती सव्वाआठच्या एसटीत बसली. वैराग ओलांडलं आणि नऊच्या सुमारास गाडी बंद पडली. कंडक्टर म्हणतात, मागची गाडी अर्ध्या तासात येईल, याच तिकिटावर तिच्यात बसवून देतो. सोलापूर अजून चाळीसएक किलोमीटर आहे.

बहुतेक मुलं इथं थांबून बघतात. मागची गाडी लवकर आली तर वेळेत पोहोचू, मग उगाच कशाला कळवायचं, असं त्यांना वाटतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. फोन याच क्षणी करावा, कारण त्या माहितीचा उपयोग आत्ता आहे. मुलाखतीला ऑफिसातले साहेब एकटे नसतात. डाइंग मास्तर किंवा प्रॉडक्शन मॅनेजर खात्यातलं काम सोडून तेवढ्या अर्ध्या तासासाठी वर आलेले असतात. सव्वानऊला कळलं, तर साडेअकराच्या उमेदवाराला फोन करून अकराला बोलावता येतं आणि कुणाचाच वेळ जात नाही. तीच गोष्ट अकरा वाजून पाच मिनिटांनी कळली, तर मास्तर रिकामे बसून परत खाली गेलेले असतात.

फोन करण्याआधी दोन मिनिटं हिशेब मात्र करावा. मागची गाडी साडेनऊला आली, पुढं सव्वा तास धरला, तर स्टँडवर पावणेअकरा वाजतील. तिथून रिक्षा मिळून एमआयडीसीत पोहोचायला पंचवीस मिनिटं. गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून आत जाईपर्यंत आणखी पाच-दहा मिनिटं. म्हणजे अकरा वीस. मुलं स्टँडवर पोहोचायची वेळ सांगतात आणि इथंच फसतात. साहेबांना तुम्ही त्यांच्या दारात कधी येणार, हे हवं असतं. शिवाय मागची गाडी भरलेली असू शकते, उशिरा येऊ शकते. म्हणून या मुलीनं पावणेबारा सांगावं. अकरा वीस सांगून साडेअकराला पोहोचलं तर एकाच दिवसात दोनदा उशीर होतो, आणि दुसरा जास्त लक्षात राहतो. पावणेबारा सांगून साडेअकराला पोहोचणारी दिलेल्या वेळेआधी आलेली असते.

फोनवर काय बोलावं? साधारण असं: ‘नमस्कार सर. आज अकराला क्वालिटीच्या जागेसाठी माझी मुलाखत आहे.’ मग आपलं नाव. ‘मी बार्शीहून येतेय. आमची एसटी वैरागच्या पुढं बंद पडली आहे. दुसऱ्या गाडीनं निघून मी पावणेबारापर्यंत गेटवर पोहोचते. तुमची गैरसोय होतेय, माफ करा. तोवर दुसऱ्या कुणाला आत बोलावलंत तरी चालेल. दुपारी किंवा उद्या यायला सांगितलंत तरी मी येईन.’

एवढंच पुरे. गाडीचं नेमकं काय बिघडलं, ड्रायव्हर काय म्हणाला, घरून किती वाजता निघालो, हे सांगू नये. फोन उमेदवारानं स्वतः करावा. आपल्याकडं अशा वेळी वडील किंवा मामा फोन करतात. ते काळजीपोटीच असतं, पण पलीकडच्या माणसाला वाटतं की उद्या कामावर अडचण आली तरी हीच मंडळी बोलणार.

फोन उचलला नाही, तर हाच मजकूर लगेच मेसेजनं पाठवावा आणि ज्या मेलनं बोलावणं आलं त्यालाच उत्तर म्हणूनही टाकावा. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा फोन करावा. मधल्या पट्ट्यात रेंज जाते, म्हणून कारखान्याचा नंबर आणि पत्ता आदल्या रात्रीच कागदावर लिहून पिशवीत ठेवावा. मोबाइलची बॅटरी संपली तर शेजारच्या प्रवाशाच्या फोनवरून कळवता येतं. रेल्वेनं येणाऱ्यांना गाडी किती मागं आहे ते १३९ वर विचारता येतं.

आता मुलगी पोहोचली. घाम पुसून, पाणी पिऊन, कागद नीट लावून मगच आत जावं. त्यासाठी दोन मिनिटं गेली तरी चालतील. आत गेल्यावर एकच वाक्य: ‘थांबलात, वेळ दिलात, आभारी आहे.’ पुढं पुन्हा पुन्हा माफी मागू नये. अर्धा तास ठरलेला असेल आणि आता पंधराच मिनिटं उरली असतील, तर त्यातली पाच माफीत घालवणं परवडत नाही. आपलं सगळ्यात चांगलं काम आधी सांगून टाकावं. या मुलीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय केलं, ते पहिल्या उत्तरातच यावं.

पण खरा प्रश्न पुढं येतो आणि मुलं त्याची तयारी करत नाहीत. साहेब विचारतात, ‘रोज बार्शीहून येणार का?’ आजच्या उशिरात त्यांना पुढच्या वर्षभराची हजेरी दिसत असते. सकाळी सातची पाळी असेल आणि माणूस सत्तर किलोमीटरवरून एसटीनं येणार असेल, तर ती शंका रास्तच आहे. ‘येईन सर, काही अडचण नाही’ या उत्तरानं ती फिटत नाही. ‘निवड झाली तर सोलापुरात राहणार आहे. मावशी इथंच असते, पहिले काही महिने तिच्याकडं राहीन, मग खोली बघेन,’ असं ठरवलेलं उत्तर असेल, तर सकाळची बंद एसटी तिथंच मागं पडते. मात्र हे खरोखर घरी ठरलेलं असावं. नुसतं सांगण्यापुरतं असेल तर पहिल्याच महिन्यात उघडं पडतं.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, त्या दिवसांत शहरातले रस्ते बंद असतात. आषाढीच्या आगेमागे पंढरपूरकडच्या वाटा भरून वाहतात. या तारखा पंचांगात आधीच दिसतात. तेव्हाची मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच सोलापुरात मुक्कामाला यावं, कारण तेव्हाच्या गर्दीची सबब कुणी ऐकून घेत नाही.

सरकारी भरतीची लेखी परीक्षा आणि नोंदणीची वेळ ठरलेली थेट मुलाखत यांना मात्र यातलं बरंचसं लागू पडत नाही. परीक्षा केंद्राचं गेट बंद झालं की फोनचा उपयोग नसतो. तिथं मुक्कामच करावा.

खासगी कारखान्यात ‘आता नको’ असं उत्तर आलं, तर वाद घालू नये. ‘या आठवड्यात दुसरा दिवस मिळेल का?’ एवढं विचारावं आणि संध्याकाळी तेच दोन ओळींत लिहून पाठवावं. यादीतला कुणी ना कुणी येत नाही, आणि तेव्हा साहेब कळवून राहिलेल्या उमेदवाराचा नंबर आधी शोधतात.

नमस्कार.