काकांची वही आणि फळ्यावरचा ताळेबंद

श्रोतेहो, नमस्कार.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी ताळेबंद वाचायला शिकवतो. तास ५० मिनिटांचा. तो मी कसा घेतो, ते आज सांगणार आहे. पुस्तकातली तेरीज, म्हणजे खात्यांच्या बाक्यांची यादी, मी बाजूला ठेवतो आणि कॉलेजमागच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचा हिशेब घेतो. दुकानदार काका स्वतः लाल कापडी बांधणीची वही काखेत मारून वर्गात येतात. आकडे तेवढे मी सोयीसाठी हजारांत गोल केलेत.

पहिली दहा मिनिटं चिठ्ठ्यांची. एकेका चिठ्ठीवर दुकानातली एकेक गोष्ट लिहिलेली असते: गल्ल्यातली रोकड, पोत्यांतला माल, फ्रीज, गिऱ्हाइकांकडची उधारी, पतपेढीचं कर्ज, ठोक व्यापाऱ्याचं थकलेलं बिल. फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता. मुलं भराभर चिठ्ठ्या लावतात आणि एका चिठ्ठीवर दरवर्षी अडतात: काकांनी स्वतः घातलेलं भांडवल. मुलं ते उजवीकडे लावायला जातात, कारण पैसे तर काकांचेच. तिथे मी थांबवतो. दुकान वेगळं, काका वेगळे. काकांनी दुकानाला पैसे दिले, म्हणजे दुकान काकांचं देणं लागतं. पुन्हा सांगतो, दुकान काकांचं देणं लागतं. म्हणून भांडवल डावीकडे.

आता ती गंमत सांगतो, जिच्यासाठी मी हा तास इतकी वर्षं घेतोय.

एका वर्षी मुलांनी ३१ मार्चचा ताळेबंद मांडला. डावी बाजू ६ लाख ६० हजार, उजवी ६ लाख १५ हजार. ताळा जुळेना. वर्गात कुजबुज. मी म्हटलं, फरक किती? ४५ हजार. नवाने भाग जातो? जातो. मग आकडे उलटे पडल्याचा संशय घ्या. दर वेळी तेच कारण असेल असं नाही, पण आधी ते बघायचं. मागच्या बाकावरच्या मुलाने वही ओढली, आणि उधारीचे १ लाख ७२ हजार फळ्यावर १ लाख २७ हजार होऊन बसले होते. (कॅल्क्युलेटरने ही चूक कधीच सापडली नसती. पाढे पाठ नसणाऱ्या पिढीबद्दल माझं फार वाईट मत आहे, पण ते राहू द्या.)

ताळा जुळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र फळ्याकडे बघत उभेच. म्हणाले, "सर, ही पोरं म्हणतात यंदा मला ३ लाख नफा झाला. बरं. मग गल्ला आणि बँक मिळून २८ हजारच कसे? गेल्या वर्षी १ लाख ३८ हजार होते. नफा झाला आणि पैसे कमी?"

वर्ग गप्प. श्रोतेहो, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही.

मी शेजारी गेल्या वर्षीचा ताळेबंद लिहायला लावला. ताळेबंद एकटा बघायचा नसतो, जोडीने बघायचा असतो. मग एकेक ओळ. दुकानातला माल २ लाख ६० हजारांचा होता, तो ३ लाख ४० झाला. म्हणजे ८० हजार पोत्यांत आणि डब्यांत जाऊन बसले. उधारी १ लाख २२ हजार होती, ती १ लाख ७२ झाली. ५० हजार गल्लीतल्या घरांत अडकले. नवा फ्रीज आला, घसारा वजा जाता तिथे ३० हजार वाढले. पतपेढीचे ३० हजार फेडले. सगळे मिळून १ लाख ९० हजार.

मग एका मुलीने हळूच विचारलं, "काका, घरी किती नेलेत?" काका म्हणाले, "घरी कुठे काय नेलं? महिन्याचा किराणा, लाइटबिल, धाकटीची फी." वही उलटून बेरीज केली. घरखर्चाची उचल, महिन्याला २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार! काका डोकं खाजवत म्हणाले, "हे बायकोला सांगू नका."

आधीच्या १ लाख ९० हजारांत ही उचल मिळवली की होतात ४ लाख ३० हजार. हे आले कुठून? नफ्याचे ३ लाख, ठोक व्यापाऱ्याचं देणं २० हजारांनी वाढलं ते, आणि गल्ला-बँकेतून आटलेले १ लाख १० हजार. बरोबर ४ लाख ३० हजार. नफा खरा होता. फक्त तो रोकड म्हणून गल्ल्यात राहिला नव्हता. नफा म्हणजे रोकड नव्हे. नफा म्हणजे रोकड नव्हे, हे मी त्या दिवशी दोनदा फळ्यावर लिहिलं.

एक हुशार मुलगा उठला. म्हणाला, "सर, चालू मालमत्ता, म्हणजे रोकड, माल आणि उधारी मिळून, ५ लाख ४० हजार, व्यापाऱ्याचं देणं १ लाख १० हजार. जवळजवळ पाचपट. पुस्तकात दुप्पट असली तरी चांगलं म्हणतात." गुणोत्तर बरोबर होतं. पण व्यापारी सोमवारी दारात आला, तर त्याला डाळ मोजून देणार का? देता येतात ते २८ हजार. बाकी सगळं विकल्यावर आणि वसूल झाल्यावर. (दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी आहे. त्याच पाटीखाली काका उधारी लिहीत बसतात. पाट्यांवर माझा विश्वास नाही.)

शेवटची दहा मिनिटं मी संशयासाठी ठेवतो. ताळा जुळला म्हणजे ताळेबंद खरा, असं नाही. मालाची किंमत छापील किमतीने धरली नाही ना? खरेदीची किंमत किंवा विकून हाती येईल ती, यांतली कमी असेल ती धरायची. आणि उधारी येणार आहे का? वहीत एक नाव होतं, 'पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला'. नोंद तीन वर्षांपूर्वीची. मुलांनी विचारलं, ही बिल्डिंग कुठली? काका म्हणाले, "पाडली की ती." मग माणसं? "कुठे गेली काय माहीत. पण लिहून ठेवलंय ना."

अशा जुन्या नोंदी २२ हजारांच्या निघाल्या. मी फळ्यावर खोडून दाखवल्या. उजवीकडे उधारी दीड लाखावर आली. डावीकडे नफा २ लाख ७८ हजार, म्हणून भांडवल ४ लाख ६० हजारांवरून ४ लाख ३८ हजार. दोन्ही बाजू ६ लाख ३८ हजार, ताळा पुन्हा जुळलेला. आधीही जुळला होता, आताही जुळला. उधारी बुडाली ती व्यापाऱ्याची नाही, पतपेढीची नाही, ती काकांच्या भांडवलातून गेली.

घंटा झाली. काकांनी खिशातून पेन काढलं, वहीतल्या त्या पिवळ्या बिल्डिंगच्या ओळीवर आणलं, आणि थांबले. मग पेन परत खिशात ठेवून पुढच्या बाकावरच्या मुलीकडे पेन्सिल मागितली.

नमस्कार.